उजवा हात जड आहे

झोप येत नाही म्हणून माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक कष्टाळू असतात. दिवसभर जे मनावर घेतलं ते करून दाखवलेलं असतं, म्हणून रात्री झोपही तशीच मिळवायला जातात, आणि तिथेच अडतात. मानसोपचारात 'ऑटोजेनिक ट्रेनिंग' नावाची एक पद्धत आहे. या माणसांना ती शिकवताना मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो काहीही न करायला शिकवण्यात.

बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ योहान्स शुल्त्झ यांनी 1932 साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या आधी ऑस्कर फोग्ट यांना संमोहनाच्या कामात दिसलं होतं, की माणूस त्या अवस्थेत जाताना हातपाय जड आणि ऊबदार झाल्याचं सांगतो. शुल्त्झ यांनी हा क्रम उलटा वापरला. जडपणा आणि ऊब यांची वाक्यं माणसाने स्वतःच मनात म्हणायची, संमोहन करणारा लागतच नाही. (हेच शुल्त्झ पुढे नाझी राजवटीत मनोरुग्णांना मारण्याच्या धोरणाचे समर्थक होते. पद्धत शिकवताना मी हे लपवत नाही.)

पूर्ण पद्धतीत सहा पायऱ्या आहेत. जडपणा, ऊब, हृदयाची लय, श्वास, पोटातली ऊब आणि शेवटी कपाळाचा गारवा. झोपेसाठी मी बहुतेकांना पहिल्या दोनच देते. उताणं झोपायचं, हात अंगापासून जरा दूर, कोपरात किंचित वाकलेले, पावलं बाहेर कललेली. मग मनात सावकाश म्हणायचं, 'माझा उजवा हात जड आहे.' असं पाच-सहा वेळा, मग एकदा 'मी शांत आहे', आणि पुन्हा पहिलं वाक्य. डावखुऱ्याने डाव्या हातापासून सुरुवात करायची. पहिले आठ-दहा दिवस एवढंच. उजव्या हातात जडपणा नीट येऊ लागला की तो बहुतेकदा आपणहून डाव्या हातात आणि पायांत उतरतो. त्यानंतरच 'माझा उजवा हात ऊबदार आहे' हे वाक्य घ्यायचं.

या दोन संवेदना कल्पनेतल्या नाहीत. स्नायूंचा ताण सैल पडतो तो जडपणा म्हणून जाणवतो, आणि हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात तेव्हा ऊब येते. झोप लागण्याआधी शरीर असंही हातापायांतूनच उष्णता बाहेर सोडतं आणि आतलं तापमान उतरतं. पावलं थंडगार असताना डोळा लागत नाही, त्याचं एक कारण हेच.

एका शिक्षिकेचं उदाहरण सांगते. वय पन्नाशीचं, अकराला अंथरुणावर पडायच्या आणि एक वाजेपर्यंत जाग्या असायच्या. आठवड्याने येऊन म्हणाल्या, "मॅडम, मनापासून म्हणते हो, पण हात काही जड होत नाही."

मी त्यांना तिथेच कोचावर झोपवून वाक्य म्हणायला सांगितलं. दर वाक्याला त्यांचा उजवा खांदा किंचित वर येत होता, दात आवळलेले होते, आणि तळहात कोचावर दाबला जात होता. हात जड *करण्याचं* काम चाललं होतं. शिवाय प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबून तपासत होत्या, झाला का जड? ही तपासणीच माणसाला जागं ठेवते.

मी दोन बदल सुचवले. एक, वाक्य श्वास सोडताना म्हणायचं आणि तिथेच सोडून द्यायचं, हाताकडे उत्तर मागायचं नाही. दुसरा, सराव रात्री करायचाच नाही. दुपारी शाळेतून आल्यावर आणि संध्याकाळी, चार-पाच मिनिटं, खुर्चीत बसून. दिवसा झोपेचा प्रश्नच नसतो, त्यामुळे जडपणा आला नाही तरी काही बिघडत नाही, आणि म्हणूनच तो येतो. दोनेक आठवड्यांनी सांगायला आल्या, की बोटं सुजल्यासारखी वाटतात आणि दंडात मधेच झटका येतो. घाबरल्या होत्या. स्नायू सैल पडताना असे बारीक झटके, मुंग्या येतात, ते होऊ द्यायचे. यानंतर आम्ही सराव रात्रीवर नेला. त्या अजूनही कधीकधी चारला जाग्या होतात, पण अकराला पडल्यावर आता घड्याळाकडे बघत नाहीत.

दिवसाच्या सरावानंतर परत येणं विसरायचं नाही. मुठी घट्ट आवळायच्या, हात दोन-तीनदा जोरात दुमडून ताणायचे, खोल श्वास घ्यायचा आणि मगच डोळे उघडायचे. हे टाळून लगेच स्कूटर काढली तर अंगात सुस्ती राहते. रात्री मात्र परत यायचं नाही, तसंच झोपेत जाऊ द्यायचं.

सगळ्यांना हे मानवत नाही. काहींना अंग सैल पडू लागलं की उलट भीतीच वाटते, त्यांना मी डोळे उघडे ठेवून, अगदी थोडा वेळ करायला सांगते. छातीत धडधडण्याची चिंता असलेल्यांना हृदयाची पायरी देत नाही, कारण लक्ष तिथे गेलं की धडधड वाढते. भ्रम होणाऱ्या आजारात ही पद्धत मी वापरत नाही. आणि नवरा किंवा बायको सांगत असेल, की घोरता घोरता यांचा श्वास मधेच अडकतो, तर वाक्यं बाजूला ठेवून आधी झोपेची तपासणी करून घ्यायला पाठवते.