‘एश’चे भाषांतर

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधील एका घरी कैरोतल्या उपाहारगृहाच्या दरपत्रकाचे छायाचित्र आले. त्यातील ‘एश बलदी’चा अर्थ प्रमाण अरबी शिकलेल्या मुलीने ‘देशी जगणे’ असा लावला. मराठीतली ‘ऐष’ याच शब्दातून आलेली. कुवेतमध्ये नोकरी केलेल्या वडिलांनी ‘भात’ म्हटले, कारण आखाती बोलीत एश म्हणजे भातच. इजिप्तमध्ये मात्र ती रोटी. प्रमाण अरबीतली ‘खुब्झ’. लिहिताना तिन्हींची अक्षरे एकच, तेव्हा बोली ठरते ती छायाचित्राच्या गावावरून आणि शेजारच्या मजकुरावरून. इथे दर नगावर होता. भात कोणी नगावर विकत नाही. बलदी म्हणजे गावठी. मुलीने ‘गावठी रोटी’ लिहिले. ‘भाकरी’ने जगण्याचा अर्थही राखला असता, पण ही रोटी गव्हाची, कोंड्यासकट, आत पोकळ.