अंगणातील ओल

2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात अंगणाचा एखादाच कोपरा ओला राहू लागला, तेथील हरळी दाट झाली आणि नळाची धारही बारीक झाली, तर ‘जमिनीखालचा पाइप फुटला’ असे आपण लगेच म्हणतो. परंतु या लक्षणांची कारणे निरनिराळी असू शकतात. न्हाणीचे सांडपाणी किंवा शोषखड्डा झिरपत असेल, तर त्यातील पोषक द्रव्यांमुळे गवत अधिकच माजते. आणि बोअरच्या पाण्यातील क्षार साचल्यानेही धार बारीक होते. म्हणून केवळ हिरवळीवर विसंबू नये.

नांदेडच्या आमच्या घरी ओल न्हाणीच्या मोरीजवळच होती, त्यामुळे संशय दोन्हींकडे जात होता. आम्ही मोटार बंद ठेवली, सारे नळ मिटले आणि गच्चीवरील टाकीत पाण्याच्या पातळीची खूण केली. अर्ध्या तासात पातळी 5 सेंटिमीटर उतरली. टाकीचा तळ सुमारे 1 चौरस मीटर असल्याने 50 लिटर पाणी गेले होते. शौचालयाची फ्लशटाकी गळत असेल म्हणून तिची चावी बंद करून पुन्हा मोजले. घट तितकीच राहिली. मग टाकीच्या तळाशी असलेली मुख्य चावी बंद केली, तेव्हा पातळी स्थिर राहिली. म्हणजे टाकी शाबूत होती, गळती पुढच्या पाइपात होती. चावी उघडी असतानाही पातळी स्थिर राहिली असती, तर या पाइपाचा संशय सोडून मोरीकडे वळावे लागले असते आणि बारीक धारेचे कारण स्वतंत्रपणे शोधावे लागले असते.

ही कसोटी टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपापुरतीच आहे. रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीत गळती असेल, तर दिवसांचा हिशेब ठेवावा. पाणी सुटण्याच्या दिवशी ओल वाढते आणि पुढच्या पाळीपर्यंत ओसरते. सांडपाण्याची ओल मात्र रोजच्या आंघोळी-धुण्याशी जुळते. तिला बहुधा दुर्गंधीही असते. या जोडणीची गळती लांबणीवर टाकू नये, कारण पुरवठा थांबल्यावर रिकाम्या होणाऱ्या पाइपात त्याच भेगेतून आसपासचे घाण पाणी शिरू शकते.

खोदताना ओलीच्या मधोमध कुदळ मारू नये. पाइपासाठी खणलेल्या चरातील माती भुसभुशीत असते. पाणी तिच्यातून उताराकडे सरकते आणि वाट मिळेल तेथे वर येते. आमच्याकडे निसटलेला सांधा ओलीपासून चार हात चढाच्या बाजूला सापडला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या हालचालीने सांधे ढिले होतात. दुरुस्तीनंतर टाकीवरची खूण पुन्हा तपासावी. पातळी अर्धा तास हलली नाही, तरच चर बुजवावा.