निरोपाच्या पत्रातील ‘आपण’

कारखान्यातील विभागप्रमुख नोकरी सोडताना आपल्या सहकाऱ्यांना जो निरोपाचा मजकूर पाठवतो, तो बहुधा परिपत्रकासारखा उतरतो, आणि त्याचा कोरडेपणा मनात माया नसल्यामुळे नव्हे, तर हाताला सवयीच्या झालेल्या वाक्यरचनेमुळे येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, जिथे ओतकामाच्या कारखान्यांतून मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार एकाच पाळीत काम करतात, तिथल्या एखाद्या प्रमुखाचा मसुदा नमुन्यादाखल असा कल्पिता येईल:

‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार दि. ३१ मार्च रोजी कार्यमुक्त होत आहेत. आम्ही राबविलेल्या कामात आपले बहुमोल सहकार्य लाभले, त्याबद्दल आभार व्यक्त करण्यात येत आहेत. प्रलंबित बाबींसाठी नूतन विभागप्रमुखांशी संपर्क साधावा.’

या मसुद्यात ‘कळविण्यात येते’ आणि ‘व्यक्त करण्यात येत आहेत’ या क्रियापदांना कर्ताच नाही. कार्यालयीन आदेशात ही रचना योग्य असते, कारण आदेश खुर्चीचा असतो आणि खुर्चीवरचा माणूस बदलला तरी तो टिकावा लागतो. निरोप मात्र त्या माणसाचाच असतो, म्हणून पुनर्लेखनात सर्वप्रथम ‘निम्नस्वाक्षरीकार’, म्हणजे खाली सही करणारा, हा शब्द काढून तिथे ‘मी’ आणावा लागतो.

दुसरी दुरुस्ती अधिक सूक्ष्म आहे. मराठीत ‘आम्ही’ या सर्वनामातून ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ या सर्वनामात तो सामावला जातो. त्यामुळे ‘आम्ही राबविलेले काम’ आणि ‘आपले सहकार्य’ असे शेजारी लिहिले की काम वरिष्ठांचे आणि मदत कामगारांची अशी विभागणी नकळत होते, कारण तिथला ‘आपले’ हा शब्द ‘तुमचे’ याचे आदरार्थी रूप ठरतो. आजच्या कन्नडमध्ये दोन्ही अर्थांना ‘नावु’ हा एकच शब्द पुरतो, त्यामुळे कन्नडमध्ये विचार करून मराठीत लिहिणाऱ्याकडून हा भेद सहज निसटतो. ‘आपण केलेले काम’ असे लिहिताच ही भिंत पडते. मात्र त्या मजकुरात समोरच्यांसाठी ‘तुम्ही’ आणि सगळ्यांसाठी ‘आपण’ अशी वाटणी शेवटपर्यंत पाळावी लागते, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

तिसरी दुरुस्ती ‘बहुमोल सहकार्य’ या भाववाचक शब्दांची आहे. असा शब्द कोणत्याही प्रसंगाला लागू पडतो आणि म्हणूनच कोणाच्याच मनाला लागत नाही. त्याच्या जागी सर्वांच्या आठवणीतला एक प्रसंग ठेवला की विशेषणाची गरज उरत नाही. ओतकामात साच्याच्या वाळूतील ओलावा प्रमाणाबाहेर वाढला तर तप्त धातूच्या स्पर्शाने त्याची वाफ होते आणि ओतीव वस्तूत पोकळ छिद्रे राहून ती बाद होते. बेळगावच्या पावसाळ्यात उघड्यावरची वाळू भिजण्याचा धोका असतोच. असा प्रसंग धरून तोच मसुदा पुढीलप्रमाणे होतो:

‘मित्रहो, ३१ मार्च हा माझा इथला शेवटचा दिवस. जुलैच्या पावसात वाळू भिजून माल बाद होत होता, तेव्हा प्रत्येक पाळीला वाळू तपासायची हे आपण ठरवले, आणि रात्रपाळीनेही ते एकदा चुकवले नाही. त्या महिन्यात मी तुमच्याकडून शिकलो. राहिलेल्या कामांची यादी मी नव्या साहेबांना समजावून दिली आहे. त्यांनाही तुम्ही असेच सांभाळून घ्या. येतो.’

शेवटचा ‘येतो’ हा शब्द सजावटीसाठी नाही. मराठी घरात निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानतात, आणि कन्नडमध्येही ‘होगी बर्तीनी’, म्हणजे ‘जाऊन येतो’, असेच म्हणतात. त्यामुळे सीमाभागातील मिश्र चमूत हा निरोप दोन्ही बाजूंना आपल्या घरातला वाटतो.

जिव्हाळ्यालाही मर्यादा आहेत. तारीख आणि कामाची सोपवणूक गाळली तर मजकूर गोड होतो, पण चमू अधांतरी राहतो. पाच जणांची नावे घेऊन आभार मानले तर सहावा दुखावतो. आणि ‘आपण एक कुटुंब’ हे वाक्य, पगार आणि पाळ्या ठरवणाऱ्याने लिहिले की कामगारांना खरे वाटत नाही. सविस्तर हस्तांतर वेगळ्या कार्यालयीन पत्रात असावे आणि निरोपात त्याचा केवळ एका वाक्यात उल्लेख यावा.

मजकूर जमला की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे: कारखान्याचे नाव बदलून तोच मजकूर निपाणीतील एखाद्या तंबाखूच्या वखारीत पाठवता येत असेल, तर ते अजून परिपत्रकच आहे, आणि नाव बदलूनही तो तिथे चालणार नसेल, तर तो निरोप आहे.