बोया

रेवसच्या धक्क्यावरून मुंबईस जाणाऱ्या लाँचीच्या नाळेपाशी बसून मी पहिला बोया जवळून पाहिला तेव्हा माझे वय सात-आठ वर्षांचे असावे. गंजाने पापुद्रे सुटलेला, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने माथा पांढरा झालेला, ओहोटीच्या ओढीने समुद्राकडे कललेला तो तांबडा लोखंडी डबा मला एखाद्या बांधून घातलेल्या जनावरासारखा वाटला होता. लाँचीवर तांडेल असलेल्या माझ्या काकांना मी विचारले, "काका, ह्याच्या कोणत्या बाजूनं जायचं?" त्यांनी सुकाणूवरचा हात न हलवता उत्तर दिले, "पोरा, आधी आपण बंदरात येतोय की बाहेर जातोय ते ठरव. मग बोयाकडं बघ."

पुढे जहाजावर अधिकारी झाल्यावर जे जाडजूड ग्रंथ अभ्यासावे लागले त्यांतील पार्श्वदर्शक बोयांचे सगळे प्रकरण काकांच्या त्या दोन वाक्यांत सामावलेले होते. समुद्राकडून बंदरात शिरताना तांबडा, डब्याच्या आकाराचा बोया आपल्या डाव्या हातास ठेवायचा आणि हिरवा, शंकूच्या आकाराचा उजव्या हातास. बाहेर पडताना मात्र हाच नियम उलटतो, कारण बोया आपल्या जागी असतो आणि आपले तोंड फिरलेले असते. खाडीच्या मुखाशी किंवा बेटांच्या गर्दीत 'आत' म्हणजे नेमके कोणीकडे हे डोळ्यांना उमगत नाही, म्हणून सागरी नकाशावर ती दिशा बाणाने छापलेली असते, आणि तो बाण न पाहता रंगावर विसंबणारा नाविक चॅनेलच्या बाहेर, गाळावर जाऊन बसण्याचा पुरा संभव असतो.

काकांच्या काळी उजव्या हाताचा शंकू काळा असे आणि हिरवा रंग बुडालेल्या जहाजासाठी राखलेला असे. जुन्या ब्रिटिश शिरस्त्याचा तो भाग होता. जगात तेव्हा अशा तीसएक निरनिराळ्या पद्धती नांदत होत्या. त्या गोंधळाची किंमत 1971 साली डोव्हरच्या सामुद्रधुनीत मोजावी लागली. 'टेक्साको कॅरिबियन' हे टँकर जहाज जानेवारीत दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन तेथे बुडाले, दुसऱ्याच दिवशी 'ब्रँडेनबर्ग' त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडाले, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, त्या जागी बोये व दीपनौका मांडलेल्या असतानाही, 'निकी' नावाचे जहाज तेथेच आदळून सर्व खलाशांसह तळाशी गेले. आंतरराष्ट्रीय दीपगृह संघटनेची नवी पद्धती 1977 पासून युरोपात अमलात येऊ लागली, आणि 1980 च्या टोकियो परिषदेत जगाचे दोन विभाग ठरले. भारत पहिल्या विभागात आहे. अमेरिका, जपान, कोरिया व फिलिपाईन्स दुसऱ्यात, जेथे आत येताना तांबडा उजवीकडे राहतो. पण त्या विभागातही डबा डावीकडचा आणि शंकू उजवीकडचाच राहिला, अदलाबदल झाली ती केवळ रंगांची. म्हणून योकोहामाच्या तोंडाशी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी दिवसाउजेडी रंगापेक्षा आकारावर अधिक भिस्त ठेवली.

दुसरी जात दिग्दर्शक बोयांची. पार्श्वदर्शक बोया चॅनेलची कड दाखवतो. दिग्दर्शक बोया धोक्याच्या चार दिशांपैकी एकीकडे उभा राहून 'माझ्या ह्या बाजूस पाणी खोल आहे' असे सांगतो. उत्तर-बोया खडकाच्या उत्तरेस असतो आणि त्याच्याही उत्तरेने जायचे असते. येथे आत-बाहेरचा प्रश्न उद्भवत नाही, होकायंत्र मात्र हाताशी हवे. चौघांचेही अंग काळे-पिवळे असते आणि माथ्यावर दोन काळे शंकू. उत्तरेचे दोन्ही शंकू वर टोक करून असतात, दक्षिणेचे खाली, पूर्वेचे बुडाला बूड लावून आणि पश्चिमेचे टोकाला टोक भिडवून. ही टोके जिकडे वळलेली असतात तिकडेच बोयाच्या अंगावरचा काळा पट्टा असतो, ही खूण एकदा ध्यानात बसली की निराळे पाठांतर करावे लागत नाही. रात्री घड्याळाची तबकडी आठवावी: पूर्वेचा दिवा तीन झपके देतो, दक्षिणेचा सहा, पश्चिमेचा नऊ, आणि बाराच्या जागी असलेल्या उत्तरेचा अखंड झपकत राहतो. दक्षिणेच्या सहा झपक्यांमागून एक दीर्घ झळक येते. लाटेआड एखाद-दुसरा झपका गेला तर तीन, सहा आणि नऊ यांत घोटाळा होऊ नये, एवढ्यासाठी ती जोडलेली आहे.

हे सर्व एका रात्री मला कामास आले, आणि अपुरेही पडले. पावसाळा नुकताच सरला होता. पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदराच्या तोंडाशी आम्ही ईशान्येस, 45 अंशांवर, पोहोचत होतो. समोर सहा झपके आणि दीर्घ झळक दिसली; थांबघड्याळाने तीनदा मोजून ती नकाशातील तपशिलाशी जुळवली. दक्षिण-बोया, अर्थात खडक त्याच्या उत्तरेस. ईशान्येस जाणाऱ्या जहाजाने त्यास डाव्या हातास सोडावे, तसे आम्ही सोडले. पुढे चॅनेलच्या मुखाचे तांबडे व हिरवे दिवे उजळले, आणि चॅनेल मला नेहमीपेक्षा ऐसपैस वाटू लागले. ह्या ऐसपैसपणाने माझ्या मनात शंका आली.

दीपगृह आणि दुसरा एक स्थिर दिवा यांच्या दिशा घेऊन आमचे स्थान मी नकाशावर मांडले. त्या स्थानावरून तीन सागरी मैलांवरचा हिरवा दिवा 52 अंशांवर दिसावयास हवा होता, तो दिसत होता 56 वर. चार अंशांचा फरक तीन मैलांवर सुमारे 400 मीटर होतो. बोयाची साखळी खोलीपेक्षा लांब असते हे खरे, आणि भरती-ओहोटीने तो थोडा फिरतोही. परंतु दहा-बारा मीटर पाण्यात तीस-चाळीस मीटरांची साखळी त्यास काही दशक मीटरांपलीकडे नेऊ शकत नाही. मग उरला एकच अर्थ: वादळात नांगर-ठोकळा घसरून बोया उजवीकडच्या उथळ भागावर जाऊन बसला होता. त्याला उजव्या हातास ठेवून, नियमाचे अक्षर पाळून, आम्ही निर्धास्तपणे गाळात शिरलो असतो.

कप्तानांना हाक दिली. त्यांनी एंजिन मंद करण्याचा हुकूम दिला, खोलीमापक चालू ठेवला आणि तांबड्या बोयाची दिशा दीपगृहाशी ताडून पाहिली. तो आपल्या जागी होता. त्याच्या आधारे डाव्या कडेपासून अंतर राखून आम्ही वाट चोखाळली. वायरलेसवरून बंदरास कळवले. पायलट चढल्यावर त्यांनी हिरव्या दिव्याकडे पाहिले, मग आमच्या नकाशावरील पेन्सिलीच्या रेघांकडे, आणि "सकाळीच नाविकांना इशारा निघेल" एवढेच म्हणाले.

आता निवृत्तीनंतर कधी रेवसच्या लाँचीत बसतो. ओहोटी असली की बोया समुद्राकडे कललेला असतो, त्याच्या तळाशी पाण्याची पांढरी मिशी फुटलेली असते; त्या कलावरून ओढ किती आणि कोणीकडे हे सुकाणू धरणाऱ्यास विनासायास कळते. काळे शंकू गेले, त्या जागी हिरवे आले. काका त्यांना अखेरपर्यंत 'नवे बोये' म्हणत, आणि जवळून जाताना नजर वळवून मागच्या दीपगृहाकडे एकदा पाहून घेत.