खारोड्या विकण्यापूर्वी चार ओळी

वाचकहो, खारोड्या करायला मला सासूबाईंनी शिकवले. त्या विकायला मात्र कुणी शिकवले नव्हते. ते मी दोन वेळा चुकून शिकले. तुमच्यापैकी कुणी घरचा पदार्थ पाकिटात भरून विकायचे म्हणत असेल, तर तिला माझ्या चुका उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. घनसावंगीच्या शिवारातला आमचा कापूसही तिच्यात गेला. दिवाळीनंतर घरात बाजरी होती, तीळ होते, लसूण होता. पैसा तेवढा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दर हिवाळ्यात पाहुणे आपल्या खारोड्या मागून नेतात. याच वर्षी विकून बघ की."

खारोडी तुम्हाला नवी नाही. बाजरी ओलवून कांडायची, कोंडा पाखडायचा, वाळवून भरडायची. भरडा रात्रभर भिजवायचा. सकाळी आधणात वाटलेला लसूण, तिखट, मीठ, जिरे, तीळ घालून तो घट्ट शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर बोराएवढ्या खारोड्या घालायच्या. मग तीन उन्हे द्यायची. अडीच किलो बाजरीच्या एका घाण्यात कोंडा वजा जाऊन आमच्याकडे दोन किलो खारोड्या उतरतात, म्हणजे २०० ग्रॅमची दहा पाकिटे.

अन्नपदार्थ विकायचा म्हणून आधी अन्नसुरक्षा विभागाकडे नोंदणी केली. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर घातला. नाव सासूबाईंचेच दिले. आता गावोगावच्या लोकांना कळवायचे राहिले. कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणाला, "काकू, मोबाइलवर फोटो टाकू आणि खाली मी छान लिहितो." त्याने लिहिले, "अस्सल, चविष्ट, रुचकर, पौष्टिक, घरगुती खारोड्या! एकदा खाल तर पुन्हा पुन्हा मागाल!"

त्या फोटोखाली तेवीस जणांनी अभिनंदन लिहिले. पाकीट एकानेही मागितले नाही.

मला वाटले, लोकांना भाव हवा असेल. म्हणून दुसऱ्या खेपेला मीच लिहिले. पाकिटाचे वजन, एकाचा भाव, पाचाचा भाव, दहाचा भाव, किलोचा भाव. अगदी मोंढ्यातल्या फळ्यासारखे. त्यावर एका बाईंनी विचारले, "हे कशाचे आहे?" त्या शहरात वाढलेल्या. खारोडी त्यांनी पाहिली नव्हती आणि माझ्या लिहिण्यात तिची चव कुठेच नव्हती.

त्या रात्री सासूबाईंनी एक खारोडी तोंडात टाकली. मी विचारले, "आत्या, काय काय लागतं ते ओळीनं सांगा बरं." त्या म्हणाल्या, "आधी वाजती. मग तीळ लागतो. मग लसूण. तिखट सगळ्यात शेवटी, घशापाशी." मी तेच उतरवून घेतले. 'चविष्ट' हा शब्द लाडवालाही चालतो आणि लोणच्यालाही, त्यातून खाणाऱ्याच्या तोंडाला काहीच कळत नाही. मला लिज्जत पापडाची दूरदर्शनवरची जाहिरात आठवली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी सुरू केलेला तो उद्योग. जाहिरातीत रामदास पाध्यांचा बाहुला ससा पापड खायचा आणि घरातल्या पोरांच्या ध्यानात राहायचा तो पापड मोडल्याचा आवाज.

'अस्सल' आणि 'घरगुती' हे शब्दही मी काढले. खाण्याच्या जाहिरातींचे २०१८ चे सरकारी नियम आहेत. गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल अशा रीतीने असे शब्द वापरू नयेत, असे त्यांत आहे. आमची खारोडी घरातच होते हे खरे. पण ते सांगायला पाकिटावरचा पत्ता पुरतो. 'पौष्टिक'ही काढले, कारण ते कशाच्या आधारावर म्हणायचे हे मला सांगता आले नसते.

मग मागणीची ओळ लिहायला बसले, आणि तिथेच खरी अडचण कळली. "मागणी नोंदवा" म्हणणे सोपे आहे. पण किती, कधीपर्यंत, आणि माल मिळणार कधी? आठवड्यात आमचे चारच घाणे होतात, सोमवार ते गुरुवार रोज एक. गुरुवारच्या घाण्याला शनिवारपर्यंत तीन उन्हे मिळतात, म्हणून रविवारी माल देता येतो. पहिल्या घाण्याचा भरडा आदल्या रविवारी रात्री भिजायला पडतो, म्हणून मागणी रविवारी संध्याकाळीच बंद झाली पाहिजे. असा सगळा हिशेब उन्हाने ठरवला. तेव्हा लिहिले ते असे:

"बाजरीच्या खारोड्या. दाताखाली वाजतात, मग तीळ लागतो, मग लसूण. तिखट शेवटी येते. शेंगदाण्यांबरोबर तशाच खा. दात हलत असतील तर तळून घ्या. २०० ग्रॅमचे पाकीट ७० रुपये. या आठवड्यात चाळीसच पाकिटे होतील. हवी असल्यास रविवारी संध्याकाळी सातच्या आत खालच्या नंबरावर तुमचे नाव, गाव आणि किती पाकिटे एवढेच लिहा. पुढच्या रविवारी घनसावंगीत आमच्या घरून न्या. जालन्यात पुतण्या आणून देईल."

खाली एकच नंबर दिला. आधी आम्ही ह्यांचा, पुतण्याचा आणि माझा असे तीन दिले होते. तसे केले तर एकच माणूस दोघांना सांगतो आणि पाकिटे दोनदा धरली जातात. "एवढेच लिहा" असे सांगितल्याने लोकांना काय लिहावे याचा विचार करावा लागला नाही. रविवारी सातपर्यंत एकतीस पाकिटांची मागणी आली. दात हलत असतील तर तळा, ही ओळ पुतण्याला नको होती. म्हणे, मालाचा दोष का सांगायचा? पण त्या ओळीमुळेच दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरून मागणी आली.

एकतीस म्हणजे चार घाणे करावेच लागले. शुक्रवारी आभाळ आले आणि शनिवारीही ऊन पडले नाही. गुरुवारच्या घाण्यातली खारोडी मी मोडून पाहिली. वाळलेली खारोडी कट्‌कन तुटते, ही वाकली आणि आत ओलसर दिसली. अशी पाकिटात भरली तर आठ दिवसांत कुबट वास येतो, मागून बुरशी. सासूबाई म्हणाल्या, "शब्द गेला तरी चालंल, पण माल खराब जाऊ देऊ नको." शनिवारी संध्याकाळीच ज्यांची नावे शेवटी होती त्यांना कळवले की आभाळामुळे तुमचे पाकीट तीन दिवस उशिरा मिळेल, नको असेल तर सांगा. एकाने नको म्हटले. बाकीच्यांनी वाट पाहिली.

आता मी मजकुरात आणखी एक वाक्य घालते, "आभाळ आले तर दोन-तीन दिवस उशीर होईल." आणि भरडा थोडा थोडाच करते, कारण बाजरी दळून ठेवली की लवकर कडवट होते आणि मग लिहिलेली चव खोटी पडते.

मैत्रिणींनो, तुमचा पदार्थ वेगळा असेल, शेव असेल, सांडगे असतील. लिहायला बसण्याआधी एक घास खा आणि आधी काय लागते, मग काय लागते ते बोटावर मोजा. मग दिवस मोजा. आमच्या पाकिटांचे पैसे आले त्यातून हरभऱ्याच्या फवारणीचा खर्च निघाला. सासूबाईंनी पहिली सत्तरची नोट देवापुढे ठेवायला मागितली. सत्तरची नोट नसते, म्हणून पन्नासाची आणि विसाची ठेवली.