दोन नंबरचा पर्याय आणि इमाव महिलांचा रकाना

राजूरमध्ये भरती परीक्षेची उत्तरतालिका आली की मोबाइलवर पहिला प्रश्न एकच असतो: "सर, माझे किती होतात?" मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण अकोले तालुक्याच्या या टोकाला, भंडारदऱ्याच्या वाटेवर, अभ्यासाची पोरं कोणाकडे जाणार? भाषेचा मास्तर तो गणिताचाही, कायद्याचाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी उत्तरतालिका वाचायला शिकलो. इथे लिहितोय ते एका माजी विद्यार्थिनीच्या निमित्ताने. परीक्षा कोणती, हे तिच्याच विनंतीवरून सांगत नाही. सरळसेवेची, ऑनलाइन, शंभर प्रश्नांची, प्रत्येकी दोन गुणांची, एवढं पुरे.

ती उत्तरपत्रिकेची छापील प्रत घेऊन आली तेव्हा सोबत मैत्रिणीचीही प्रत होती. दोघी एकाच सत्रात बसलेल्या. तिचं म्हणणं होतं, "सर, तिचं चार नंबरचं उत्तर बरोबर दाखवतंय, माझं चारच होतं तर चूक दाखवतंय." इथेच निम्मी मुलं फसतात. संगणकावरच्या परीक्षेत एकाच सत्रातल्या उमेदवारांना प्रश्नांचा क्रम वेगळा येतो, आणि पर्यायांचाही वेगळा येऊ शकतो. एकीचा चौथा पर्याय दुसरीचा पहिला असतो. म्हणून पर्यायाचा क्रमांक धरून तुलना करायचीच नाही. उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाशेजारी बारीक अक्षरात `Question ID` आणि प्रत्येक पर्यायाचा लांबलचक `Option ID` असतो, आणि खाली `Chosen Option` लिहिलेलं असतं. `Chosen Option : 4` म्हणजे तुमच्या पडद्यावरचा चौथा. तो चौथा कोणत्या आयडीचा, हे वर जाऊन बघायचं आणि मगच उत्तरतालिकेतल्या आयडीशी ताडायचं. आक्षेप नोंदवतानाही हाच प्रश्नाचा आयडी लागतो. 'माझा सदतिसावा प्रश्न' असं लिहिलेल्या आक्षेपाला काही अर्थ नाही, कारण सदतिसावा प्रश्न प्रत्येकाचा वेगळा.

दोघींचे आयडी ताडले तेव्हा मैत्रिणीशी असलेला वाद मिटला, पण दुसराच एक प्रश्न समोर आला. तो मराठी व्याकरणाच्या विभागातला होता. प्रश्न जसाच्या तसा देत नाही, पण जात तीच: 'खालीलपैकी फारसी शब्द ओळखा.' पर्यायांत 'हकीकत' होता आणि 'पेशवा'ही होता. उरलेले दोन उघडपणे परके. तालिकेत बरोबर उत्तर 'हकीकत' दिलेलं. तिने 'पेशवा' निवडलेला.

आता हा प्रश्न माझ्या अंगणातला. 'हकीकत' हा शब्द उर्दू वाचणाऱ्या कोणालाही विचारा, तो हक, हकदार, तहकीक या कुटुंबातला आहे. हे, काफ, काफ ही त्याची तीन मुळाक्षरं अरबी. तो मराठीत फारसीच्या हाताला धरून आला हे खरं, कारण दरबाराची भाषा फारसी होती. म्हणूनच स्पर्धा परीक्षेच्या अनेक पुस्तकांत तो फारसी शब्दांच्या रांगेत बसवलेला दिसतो. 'पेशवा' मात्र मुळातच फारसी. 'पेश' म्हणजे पुढे. पेशकार, पेशगी यातलाही तोच पेश.

मला पटलं म्हणून तज्ज्ञ समितीला पटत नाही. आक्षेपात 'आमच्या सरांनी सांगितलं' असं लिहून चालत नाही, पुराव्याचं पान लागतं. आणि ते पान खाजगी क्लासच्या नोट्समधलं असून उपयोग नाही. आम्ही मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ची दुसरी आवृत्ती. या कोशात शब्दासमोर त्याचं मूळ कंसात एका अक्षराने दिलेलं असतं, अरबीसाठी वेगळं, फारसीसाठी वेगळं. 'हकीकत'पुढे अरबीचं अक्षर होतं, 'पेशवा'पुढे फारसीचं. दोन पानांचे फोटो काढले, मुखपृष्ठाचाही काढला, कारण पान कोणत्या ग्रंथाचं हे दिसलं पाहिजे. जोडीला माधवराव पटवर्धनांच्या फार्शी-मराठी कोशाचा उल्लेख केला. (माधव जूलियन म्हणून कविता वाचणाऱ्यांना हा कोशकार माणूस माहीतच नसतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.)

मग खरा पेच आला: मागायचं काय? आक्षेप मान्य होण्याचे तीन प्रकार असतात. एक, तालिकेतलं उत्तर बदलून 'पेशवा' करणं. दोन, दोन्ही पर्याय बरोबर धरणं. तीन, प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण देणं. मुलांना वाटतं, कसेही असो, आपले दोन गुण आले. पण परीक्षा अनेक सत्रांत झाली असेल तर तसं होत नाही, कारण मूळ गुण यादीत येतच नाहीत. सामान्यीकरण होऊन येतात.

सामान्यीकरणाचं सूत्र भयंकर दिसतं, पण गाभा साधा आहे. तुमच्या सत्राची एकूण पातळी काढायची, तुम्ही तिच्यापेक्षा किती वर आहात ते मोजायचं, आणि तेवढं अंतर सगळ्या सत्रांच्या सामाईक पट्टीवर मांडायचं. म्हणजे मोजलं जातं ते अंतर. तुमच्यासोबत सगळं सत्रच वर सरकलं तर अंतर तेवढंच राहतं.

मी फळ्यावर आकडे मांडून दाखवले, अर्थात धरून चाललेले. समजा तिच्या सत्रात दर दहांपैकी चार जणांनी 'हकीकत' निवडलं, तिघांनी 'पेशवा', आणि तिघांनी बाकीचं काही. दोन्ही पर्याय बरोबर धरले तर तिघांना दोन-दोन गुण नव्याने मिळतात, सत्राची सरासरी ०.६ने वाढते, आणि तिचा खरा फायदा २ नाही, सुमारे १.४. प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण दिले तर सहा जणांना नव्याने गुण मिळतात, सरासरी १.२ने वाढते, तिच्या पदरात उरतात ०.८. आणि उत्तरच बदललं तर चौघांचे दोन गुण जातात, तिघांना येतात, सरासरी उलट ०.२ने घटते, आणि तिचा फायदा २.२ होतो. सूत्रात गुणांचा पसाराही येतो, त्यामुळे दशांश थोडे हलतात, पण क्रम हाच राहतो.

म्हणून तिला म्हटलं, आक्षेपात 'प्रश्न चुकीचा आहे, रद्द करा' असं लिहू नकोस. 'पेशवा हेच उत्तर, पुरावा सोबत' असं लिही. प्रत्येक प्रश्नाला शंभर रुपये शुल्क होतं. तिला सात प्रश्नांवर आक्षेप घ्यायचे होते. पाचांत तिच्याजवळ फक्त राग होता, पुरावा नव्हता. एकात पुरावा होता, पण बदल होऊन तिचंच बरोबर उत्तर चूक ठरलं असतं. एकच टाकला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी, कारण शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ आणि आमच्याकडची रेंज दोन्ही दगा देतात. पैसे भरल्यावर पावतीची प्रत ठेवली. पावती नाही म्हणजे आक्षेप पोचला की नाही हे सांगायला कोणी नसतं.

सुधारित तालिका आली. दोन्ही पर्याय ग्राह्य धरले होते. मधला मार्ग.

हे सामान्यीकरण लोकांना किती खुपतं ते २०२३च्या तलाठी भरतीत दिसलं. ५७ सत्रं झाली होती. जानेवारी २०२४मध्ये गुण जाहीर झाले तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले आणि राज्यभर ओरड झाली. घोटाळा झाला की नाही यावर मी बोलणार नाही, पण २००च्या वरचा आकडा हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. कठीण सत्रात एखाद्याला १९५ पडले आणि त्या सत्राची पातळी इतरांपेक्षा पंधरा-वीस गुणांनी खाली असली, तर सामाईक पट्टीवर तो दोनशेच्या पुढे जाणारच. पट्टीला वरचं टोक नाही. शंका घ्यायची तर ती मूळ गुण आणि सत्राची सरासरी शेजारी ठेवून घ्यावी लागते.

त्याच भरतीत आमच्या भागाला आणखी एक गोष्ट कळली. अकोले तालुक्यातली अनेक गावं पेसा क्षेत्रात येतात, आणि तिथल्या तलाठ्यासह १७ संवर्गांची पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखीव ठेवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. त्यामुळे पेसा क्षेत्र असलेल्या १३ जिल्ह्यांच्या याद्या मागे राहिल्या, नगरचीही. इथल्या महादेव कोळी, ठाकर मुलांचे गुण हातात होते, यादी नव्हती.

विद्यार्थिनीच्या यादीकडे येतो. ती तांबोळी, म्हणजे इमाव. आमच्यात लोक आडनावावरून ठरवतात की शेख असेल तर खुला. तसं नसतं. शेख आडनावाचा माणूसही इमाव यादीतल्या जातीचा असू शकतो. ठरतं ते जातीच्या दाखल्यावरून आणि नॉन क्रिमी लेयरच्या तारखेवरून. तो दाखला जाहिरातीत मागितलेल्या आर्थिक वर्षाचा नसेल तर रकाना हातचा जातो.

तिच्या जिल्ह्याचे कट ऑफ असे होते: खुला सर्वसाधारण १८१.३, खुला महिला १७५.८, इमाव सर्वसाधारण १७४.१, इमाव महिला १७१.२. खेळाडू, माजी सैनिक, अंशकालीन हे रकाने आणखी खाली होते. तिच्या अब्बांनी अंशकालीनचा १४२ बघितला आणि म्हणाले, "मास्तर, हिचे तर कितीतरी जास्त आहेत!" पण तो रकाना त्या दाखल्यावाल्यांचाच.

ओळीने वाचायचं. आधी खुला सर्वसाधारण, तिथे कोणीही गुणांवर बसतो, फक्त वयाची सवलत घेतलेली नसावी. मग खुला महिला. तिथे इमाव मुलगीही गुणांवर बसू शकते, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये सौरव यादव प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मग इमाव सर्वसाधारण, आणि शेवटी इमाव महिला. कट ऑफ म्हणजे उत्तीर्ण होण्याची रेषा नव्हे. त्या रकान्यात शेवटी बसलेल्या माणसाचे ते गुण. जागा एकच असेल तर ती एका माणसाची गोष्ट असते, पुढच्या वर्षीचा अंदाज त्यावरून बांधू नये.

तिचे १७०.९. आक्षेपाआधी अंदाजे साडे एकोणसत्तर होते. ०.३ने हुकली, पण प्रतीक्षा यादीत इमाव महिलांत पहिली आली. आक्षेप नसता तर चौथी असती.

पहिली आणि चौथी यात फरक एवढाच की वर निवड झालेली एखादी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या खात्यात गेली तर फोन हिला येईल. प्रतीक्षा यादी साधारण वर्षभर चालते. एक जण दोन ठिकाणी निवडली गेली आहे असं ऐकतो. अब्बांनी राजूरचे पेढे आणायला पोराला दोनदा पाठवलं आणि दोनदा परत बोलावलं. ती सध्या पुढच्या जाहिरातीसाठी नॉन क्रिमी लेयरचा नवा दाखला काढायला अकोल्याला हेलपाटे घालते आहे.