‘आता’ कुठे आहे?

घाटंजी,
पोळ्याच्या आधीचा रविवार

चि. छकुली,


तुझं पत्र मिळालं. सहावीची मुलं काळाच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण स्वतःची चार वाक्यं लिहायला सांगितली की सगळं विस्कटतं, असं तू लिहिलंस. शिवाय एका मुलाने ‘मी लिहून राह्यलो’ असं वाक्य दिलं, ते वर्तमान मानायचं की भूत, यावर तू अडलीस. हा प्रश्न आपल्या भागातला खरा प्रश्न आहे आणि तो तुला पहिल्याच महिन्यात दिसला, याचं मला फार बरं वाटलं. त्याकडे येते. पण आधी वर्गात दोरी बांध.

फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर एक सुतळी. तिच्या मागे भिंतीवर खडूने सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तास लिही. तासांच्या जोडीला परिपाठ, खिचडीची सुट्टी, शेवटची घंटा हेही लिही, कारण मुलांचा दिवस आकड्यांपेक्षा या खुणांवर चालतो. दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कर आणि कपड्यांचे चिमटे घे. शेवटी एक लाल फीत, तिचं नाव ‘आता’. तुझा तास अकराला असेल तर फीत अकरावर बांधायची.

पहिल्या दिवशी ‘काळ’ हा शब्दच काढू नकोस. प्रत्येकाने आजच्या दिवसातली दोन वाक्यं लिहायची, एक होऊन गेलेलं आणि एक अजून व्हायचं, आणि ती आपापल्या जागी लटकवायची. वाक्यं त्यांच्याच घरची हवीत. पुस्तकातला राम आंबा खातो, तो कधी खातो हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे त्याची चिठ्ठी लावायला दोरीवर जागाच सापडत नाही. ‘बाबा डवरणीला गेले’ हे लिहिणाऱ्या पोराला मात्र बाबा किती वाजता गेले, तेव्हा आभाळ होतं की ऊन, हे सगळं माहीत असतं. तो चिठ्ठी बरोबर सातवर लावतो. तुला सांगावं लागत नाही.

आता मुख्य काम. एक चिठ्ठी निवड, समज खिचडीची. फीत अकरावर असताना मुलांनी लिहिलेलं असतं, ‘आम्ही खिचडी खाऊ.’ चिठ्ठी तिथेच ठेव आणि फीत सरकवून सुट्टीवर आण. मग विचार, आता हेच वाक्य कसं म्हणाल? ‘आम्ही खिचडी खात आहोत.’ फीत चारवर ने. ‘आम्ही खिचडी खाल्ली.’ चिठ्ठी जागची हलली नाही, हलला तो ‘आता’. मुलांच्या मनात काळ हा घटनेला चिकटलेला असतो. सकाळची आंघोळ म्हणजे भूतकाळ, पोळा म्हणजे भविष्यकाळ, असं ती धरून चालतात. काळ ठरतो तो बोलणाऱ्याचा ‘आता’ घटनेच्या कुठल्या बाजूला उभा आहे यावरून. हे तोंडी सांगितलं तर माना डोलावतील आणि विसरतील. फीत त्यांच्या हातून सरकू दे, आणि प्रत्येक सरकवण्याला चिठ्ठीच्या मागच्या बाजूला नवं वाक्य लिहायला लाव. घाई करू नकोस, एक पूर्ण तास यालाच दे.

यानंतर एखादी चिठ्ठी तुला नक्की अडवेल, आणि तिने अडवावंच. कुणीतरी लिहील, ‘मी रोज पाच वाजता उठतो’, आणि पाचची जागा शोधत दोरीच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहील. विचार त्याला, आज पाचला उठलास का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘नाही, आज सहाला.’ मग ही चिठ्ठी आजच्या दोरीवर कुठे लावायची? वर्गाला भांडू दे. शेवटी त्यांनाच सुचतं की या वाक्याला एक जागा नाही, ते सगळ्या दिवसांना लागू आहे. अशा वाक्यांसाठी खाली दुसरी दोरी बांध. तिथे ‘माय वावरात जाते’, ‘सूर्य पूर्वेला उगवतो’, ‘आमची गाय दूध देते’ अशी वाक्यं जमतील. वर्तमानकाळ म्हणजे क्रिया आत्ता चालू आहे, ही पाठ केलेली व्याख्या इथे मुलांना तोकडी पडलेली दिसते. साधा वर्तमान बहुतेकदा सवयीचा आणि नेमाचा असतो. आत्ता या घडीला काय चाललंय ते सांगायला वेगळं रूप लागतं, ‘लिहीत आहे’.

आणि इथेच तुझा ‘लिहून राह्यलो’ येतो. त्या मुलाला चिठ्ठी लावायला सांगितलीस तर तो कुठे लावेल? लाल फितीवरच, क्षणभरही न अडखळता. आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘लिहून राह्यलो’ म्हणजे ‘लिहीत आहे’, दुसरं काही नाही. रूपाच्या शेवटी ‘लो’ आहे म्हणून पुस्तकाच्या डोळ्याला ते भूतकाळी दिसतं, पण काम ते फितीवरचं करतं. मराठवाड्याच्या शिवेकडे गेलीस तर ‘करायलो’ ऐकशील, तोही ‘लो’ने संपतो आणि तोही चालू घडीचाच.

वेळ आणि रूप या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जुन्या व्याकरणकारांनाही ठाऊक होतं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. त्यात क्रियापदाच्या रूपांना शेवटच्या अक्षरांवरून ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी नावं आहेत. म्हणजे रूप ओळखताना रूपाकडे बघायचं आणि ते कुठला काळ दाखवतं हे नंतर तपासायचं. ही नावं मुलांना सांगू नकोस, पण ही रीत तू तुझ्या मनात ठेव. प्रत्येक चिठ्ठीला दोन प्रश्न विचार. हे केव्हा घडतंय? आणि क्रियापद कसं दिसतंय?

त्या मुलाच्या वाक्यावर लाल रेघ ओढू नकोस. चिठ्ठीच्या एका बाजूला त्याचं वाक्य राहू दे, दुसऱ्या बाजूला पुस्तकी, आणि दोन्ही एकाच जागी लटकू देत. मग त्याच मुलाकडून पुढचं वाक्य काढून घे. ‘मी शाळेत येऊन राह्यलो होतो, तेवढ्यात पाणी आलं.’ येणं किती वेळ चाललं? घरापासून शाळेपर्यंत. म्हणून दोरीवर तेवढी लांब कागदाची पट्टी लाव. पाणी आलं ते एका क्षणी, म्हणून पट्टीच्या मधोमध एक छोटी चिठ्ठी. पलीकडच्या बाजूला लिही, ‘मी शाळेत येत होतो, तेवढ्यात पाऊस आला.’ अपूर्ण भूतकाळ शिकवून झाला. या वयाला त्याचं नाव नंतर आलं तरी बिघडत नाही.

‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलो आहे’ यातला फरक मात्र सहावीत ताणू नये असं माझं मत आहे. बोलताना आपण मोठी माणसंही दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. दोरीवर तो फरक नेमका दाखवता येत नाही, आणि तुला दाखवता येत नाही ते मुलांनी पाठ करावं, हे मला पटत नाही.

तुझी शाळा कोलाम पोडाजवळ आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहिते. तुझ्याकडे ‘मी भाकर खाल्लो’ अशी वाक्यं येतील. ती निष्काळजीपणाची चूक समजू नकोस. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा, आणि त्यांत क्रियापद करणाऱ्याच्या मागे जातं. मराठीतही फितीच्या उजवीकडे तसंच आहे. ‘मी भाकर खाईन, मी भात खाईन, मी वरण खाईन’, सगळीकडे ‘खाईन’. फितीच्या डावीकडे गेलं की ‘भाकर खाल्ली, भात खाल्ला, वरण खाल्लं’. क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्या वस्तूकडे वळलं. नियम सांगण्याआधी हे तीन पदार्थ आधी उजवीकडे, मग डावीकडे लटकव आणि काय बदललं ते मुलांनाच शोधू दे. ‘मी आलो’, ‘मी पडलो’ मध्ये वळायला वस्तूच नाही, म्हणून तिथे करणाऱ्याचीच सत्ता. मग एखादी हुशार मुलगी उठून म्हणेल, ‘बाई, मी पाणी प्यायले, मी कविता शिकले, त्याचं काय?’ तिला शाबासकी दे. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं वस्तू असूनही करणाऱ्याबरोबरच राहतात. त्यांच्यासाठी भिंतीचा एक कोपरा राखून ठेव. वर्षभर त्यात भर पडत राहील.

मुलांना खरंच कळलं की त्यांनी फक्त युक्ती पकडली, हे कसं ओळखायचं? युक्ती अशी असते की वाक्यात ‘काल’ दिसलं की भूत आणि ‘उद्या’ दिसलं की भविष्य. क्रियापदाकडे कुणी बघतच नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी वेळेचा शब्द नसलेल्या चिठ्ठ्या दे, ‘बैल धुतला’, ‘बैल धुऊ’, ‘बैल धुतो’. जो लगेच डावीकडे किंवा उजवीकडे जातो त्याला कळलंय. तिसऱ्या चिठ्ठीपाशी थांबून जो ‘रोज की आत्ता?’ असं विचारतो, त्याला सगळ्यांत जास्त कळलंय. मग उलट बाजूने ‘मी उद्या मामाच्या गावाला जातो’ दे. केव्हा? उद्या, म्हणजे चिठ्ठी दोरीच्या उजव्या टोकाच्याही पलीकडे. रूप? ‘जातो’, वर्तमानाचं. वेळेची चिठ्ठी एकीकडे आणि रूपाचं नाव दुसरीकडे, आणि दोन्ही बरोबर. नळावरून पोरं ओरडतात, ‘आलो बाई!’ आणि आलेली नसतात, तिथेही हेच चाललेलं असतं. परीक्षेत ‘काळ ओळखा’ असा प्रश्न आला तर बहुधा रूप विचारलेलं असतं, हे त्यांना स्पष्ट सांगून टाक. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एका दिवसाच्या दोरीला मर्यादा आहेत. इतिहासाच्या धड्यातलं ‘महाराज आग्र्याहून निसटतात’ हे वाक्य तिच्यावर बसणार नाही. आजी ‘आम्ही लहानपणी बोरं वेचायला जाओ’ असं सांगते, तेही बसत नाही, कारण ती कितीतरी वर्षांची सवय होती आणि आता संपली. यासाठी पुढे वर्षाची दोरी कर, मृगापासून उन्हाळ्यापर्यंत. पण ते दिवाळीनंतर.

आत्ता पोळा तोंडावर आहे, त्याचा उपयोग करून घे. शाळा सुटण्याआधी प्रत्येकाकडून भविष्यातलं एक वाक्य घे. ‘बाबा आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतील’, ‘आम्ही झूल घालू’, ‘मी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन जाईन’. चिठ्ठ्या जपून ठेव. सुट्टीनंतर मुलं आली की त्याच चिठ्ठ्या वाटून दे आणि जे झालं ते मागच्या बाजूला लिहायला सांग. पाऊस झाला असेल, कुणाचा बैल आजारी पडला असेल, कुणाचं वाक्य तसंच्या तसं खरं झालं असेल. जिथे ‘जाईन’चं ‘गेलो नाही’ होईल तिथे नुसतं क्रियापद बदलून भागणार नाही, मुलांना आणखी एक वाक्य लिहावंसं वाटेल. ते लिहू दे.

तुझ्या कोलाम मुलांना त्यांच्या भाषेत लाल फितीवरचं वाक्य कसं म्हणतात ते विचार, आणि जसं ऐकू येईल तसं मला लिहून पाठव.

तुझी,
आत्या